शेवटच्या सत्राआधी ठरवायची तारीख

मुलाचं पोट दुखायचं थांबलं, तो रडारड न करता शाळेत जायला लागला, की बऱ्याच घरांत थेरपी आपोआप बंद पडते. पुढची वेळ घेतली जात नाही आणि समुपदेशकाचा फोन आला तर ‘आता बरा आहे हो’ एवढंच सांगितलं जातं. मुलांच्या चिंताविकारात नेमका हाच टप्पा नाजूक असतो.

अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विचार आणि वर्तन बदलण्याच्या थेरपीने साठ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली. थेरपीला औषधाची जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ८१ टक्के होतं. त्या अभ्यासातल्या ३१९ जणांना पुढे काही वर्षांनी पुन्हा गाठून दरवर्षी तपासलं गेलं. सलग बरे राहिलेले निघाले सुमारे २२ टक्के. जवळपास निम्म्यांचा त्रास जाऊन परत आला होता. उपचार फुकट गेले, असा याचा अर्थ नाही. चिंता डोकं वर काढणारच असं धरून तयारी करायला हवी, एवढं मात्र यातून स्पष्ट होतं.

ही तयारी कशी होते ते पाहण्यासाठी चौथीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणू. आईला काही होईल या भीतीने त्याचं रोज सकाळी पोट दुखायचं, म्हणून आई शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहायची. थेरपीत त्याने भीतीची शिडी केली: आधी आई फाटकाशी, मग कोपऱ्यावरच्या दुकानात, मग घरी. तीन महिन्यांत तो एकटा शाळेच्या बसने जाऊ लागला.

इथे जाणता समुपदेशक एकदम निरोप घेत नाही. शेवट तीन-चार सत्रं आधी सांगितला जातो आणि दर आठवड्याची भेट पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर जाते. मधल्या दिवसांत घरच्यांना स्वतः निभावून बघता येतं. निरोपाची चाहूल लागल्यावर काही मुलांची जुनी तक्रार पुन्हा सुरू होते. तेवढ्यावरून सत्रं वाढवली, तर आपल्याला एकट्याने जमत नाही अशी मुलाची समजूत होऊ शकते. त्यामुळे ताईंना भेटता येणार नाही याचं वाईट वाटणं त्याला बोलून दाखवू द्यावं आणि ठरलेला शेवट शक्यतो तसाच ठेवावा.

फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात फिलिप केंडल यांनी बेतलेल्या सोळा सत्रांच्या उपचारपद्धतीत मूल शेवटी आपल्या युक्त्यांची जाहिरात तयार करतं. शिकलेलं दुसऱ्याला समजावताना ते मुलाच्या मालकीचं होतं, म्हणून ही कल्पना फार मोलाची वाटते.

याच काळात घरच्यांबरोबर एक कागद लिहिला जातो. आपल्या मुलाच्या कागदावर धोक्याच्या खुणा अशा: रविवारी रात्री ‘उद्या तू कुठे असशील?’ असं पुन्हापुन्हा विचारणं, बसऐवजी आईनेच सोडावं हा हट्ट, सकाळी मळमळ. धोक्याच्या वेळाही लिहिलेल्या असतात. दिवाळीची सुट्टी, जूनमधली शाळेची सुरुवात, आजारपण, घर बदलणं.

समजा, तापामुळे तो चार दिवस घरी राहिला आणि पाचव्या दिवशी ताप नसताना पोट धरून बसला. आजी मायेने म्हणते, ‘राहू दे आज.’ घसरण बहुतेक वेळा इथूनच सुरू होते, कारण घरी राहिल्यावर लगेच बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते. म्हणून शेवटच्या सत्रांत आजीलाही बोलवायला हवं. कागदावरचा उपाय साधा असतो: डॉक्टरांनी एकदा तपासावं आणि आजार नसेल तर शिडीची एकच पायरी खाली उतरावं. दोन दिवस आई दुकानापर्यंत येईल, तिसऱ्या दिवशी बस. एखादी वाईट सकाळ म्हणजे आजार उलटला असं नव्हे. आठवडाभर हे करूनही शाळा बुडतच राहिली, तर समुपदेशकाला फोन करायचा. मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर एक दिवसही थांबायचं नाही. औषध चालू असेल तर थेरपी संपली म्हणून ते बंद करू नये. तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा.

पाठपुराव्याच्या भेटी एक, तीन आणि सहा महिन्यांनी ठेवता येतात. या मुलासाठी त्यातली एक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणणं शहाणपणाचं. अशा भेटीत ‘बरा आहे ना?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. गेल्या महिन्यात त्याने काय टाळलं आणि त्याच्यासाठी घरच्यांनी काय करायला सुरुवात केली, हे विचारलं की खरी स्थिती कळते. आई पुन्हा बसथांब्यावर रेंगाळते आहे, हे अशा वेळीच बाहेर येतं.

तुमच्या मुलाची थेरपी संपत आली असेल, तर हा कागद आणि पुढच्या भेटीची तारीख मागून घ्या, मूल अगदी ठणठणीत दिसत असलं तरीही. समुपदेशक गाठणं शक्य नसेल, तेव्हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.