रेड वाइनचा हिशेब कुठे चुकला?

17 नोव्हेंबर 1991 च्या रात्री अमेरिकेत सीबीएस वाहिनीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात मॉर्ली सेफर या पत्रकाराने एक कोडं मांडलं. फ्रेंच माणूस लोणी, चीज, मांस सगळं मनसोक्त खातो, तरी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण त्याच्यात अमेरिकन माणसापेक्षा कमी, हे कसं? कार्यक्रमात सेर्ज रेनो हे फ्रेंच शास्त्रज्ञ होते आणि उत्तराचा रोख रेड वाइनच्या पेल्याकडे होता. पुढच्या वर्षी रेनो यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अमेरिकेत रेड वाइनचा खप झपाट्याने वाढला आणि ‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ हे वाक्य जगभर पसरलं. आपल्याकडेही ते पोचलं. लग्नाच्या पार्टीत ग्लास हातात घेतलेले काका आजही तेच ऐकवतात.

हे वाक्य निव्वळ थाप नव्हतं. हजारो माणसांना ‘तुम्ही किती पिता?’ असं विचारायचं, मग वर्षानुवर्षं त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवायची, अशा पाहण्या अनेक देशांत झाल्या. त्यांचा आलेख काढला की बहुतेक वेळा एकच आकार दिसे. अजिबात न पिणाऱ्यांना हृदयविकार थोडा जास्त, थोडी पिणाऱ्यांना सगळ्यात कमी, भरपूर पिणाऱ्यांना पुन्हा जास्त. इतक्या ठिकाणी तेच दिसत असेल तर त्यात तथ्य असणारच, असं कोणालाही वाटेल. मला तरी खरी गोम एका प्रश्नात दिसते: ‘अजिबात न पिणारे’ या गटात बसले होते कोण?

हा प्रश्न ब्रिटनमधल्या जेरल्ड शेपर यांनी ‘सिक्स्टी मिनिट्स’च्याही आधी विचारला होता. 24 गावांमधल्या सात हजारांवर मध्यमवयीन पुरुषांची पाहणी ते करत होते. 1988 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की आज न पिणाऱ्यांमध्ये पूर्वी पिणारे पुष्कळ आहेत. कोणाला मधुमेह निघाला, कोणाचा रक्तदाब वाढला, कोणाच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून किंवा आपणच घाबरून त्यांनी सोडली होती. म्हणजे दारू सुटल्यामुळे ते आजारी नव्हते, आजारी पडल्यामुळे दारू सुटली होती.

याने किती फरक पडतो, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, आयुष्यात कधीच न प्यायलेल्या हजारांपैकी 80 जणांना दहा वर्षांत हृदयविकार होतो, आणि थोडी पिणाऱ्या हजारांपैकीही 80 जणांनाच. म्हणजे वाइनचा फायदा शून्य. आता ‘न पिणारे’ म्हणून 700 कायमचे निर्व्यसनी आणि 300 आजारपणामुळे सोडलेले एकत्र मोजले. पहिल्या सातशेंत 56 जणांना विकार होईल. सोडलेल्यांची प्रकृती मुळात नाजूक, त्यामुळे त्यांच्यात शंभरी 15 धरले तर 45. बेरीज 101. कागदावर दिसतं ते 101 विरुद्ध 80, आणि बातमीत छापून येतं, ‘थोडी वाइन घेतल्यास धोका वीस टक्क्यांनी कमी’. एकही आकडा खोटा नाही, आणि तरीही निष्कर्ष सपशेल चुकीचा.

कॅनडातल्या टिम स्टॉकवेल यांनी जुन्या पाहण्या अशाच चाळून काढल्या. 2023 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 107 पाहण्या एकत्र तपासल्या, त्यांत जवळजवळ 48 लाख माणसं होती. या प्रकारच्या चुका दुरुस्त केल्यावर, थोडी पिणारे इतरांपेक्षा जास्त जगतात असं ठामपणे म्हणायला जागा उरली नाही. त्यांनी मोजले होते सगळ्या कारणांचे मृत्यू, फक्त हृदयविकाराचे नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

कायमच्या निर्व्यसनी माणसांशी तुलना केली, तरी दुसरी अडचण उरतेच. रोज जेवताना एकच ग्लास वाइन घेऊन थांबणारा माणूस असतो कसा? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे शोधायला दवाखान्याऐवजी सुपरमार्केटची बिलं तपासली, तीही पस्तीस लाख. वाइन घेणाऱ्यांच्या टोपलीत ऑलिव्ह, फळं, भाज्या, कोंबडीचं मांस, कमी स्निग्धांशाचं चीज जास्त होतं. बिअर घेणाऱ्यांच्या टोपलीत तयार जेवणाची पाकिटं, सॉसेज, चिप्स, साखर, शीतपेयं. आता वाइनवाल्यांचं हृदय ठणठणीत निघालं, तर श्रेय बाटलीला द्यायचं की भाजीला? पाश्चात्त्य देशांत बेताने पिणारा माणूस सरासरीने अधिक शिकलेला, अधिक कमावणारा, व्यायाम करणाराही असतो. या गोष्टी हिशेबातून वजा करायचा प्रयत्न संशोधक करतात, पण सगळ्या वजा होत नाहीत.

मग खरं कळायचं कसं? एक सुंदर युक्ती जनुकांनी पुरवली. पूर्व आशियातल्या अनेकांच्या शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडतं, ॲसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, छाती धडधडते. अशी माणसं साहजिकच कमी पितात. हे जनुक जन्मतः मिळतं. शिक्षण, पगार किंवा आजारपण पाहून ते वाटलं जात नाही. चीनमध्ये पाच लाख लोकांच्या पाहणीत ‘किती पिता?’ या उत्तरांवरून आलेख काढला, तर थोडी पिणाऱ्यांना पक्षाघात कमी दिसला. त्यांच्यापैकी दीड लाखाहून जास्त जणांची जनुकं तपासून त्यांवरून हिशेब केला, तेव्हा तो फायदा गायब झाला: जितकी दारू जास्त, तितका पक्षाघात जास्त. या निष्कर्षाची पडताळणीही तिथेच झाली. चिनी स्त्रियांमध्ये तीच जनुकं असतात, पण त्या सहसा पीतच नाहीत. त्यांच्यात या जनुकांमुळे धोक्यात फरक पडला नाही. म्हणजे पुरुषांमधला फरक दारूचाच होता.

2019 च्या या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिथले पुरुष मुख्यतः कडक दारू पिणारे, वाइन पिणारे नव्हेत. आणि हृदयविकाराच्या झटक्याबाबत जनुकांच्या हिशेबात स्पष्ट अपायही दिसला नाही आणि फायदाही नाही.

‘पण वाइनमध्ये रेझव्हेराट्रॉल असतं ना?’ असतं, लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम. उंदरांना ज्या प्रमाणात ते दिलं, तेवढं माणसाला वाइनमधून मिळवायचं तर दिवसाला शेकडो बाटल्या लागतील. इटलीत कियांती या वाइनच्याच मुलखात वृद्धांच्या लघवीतून त्याचं प्रमाण मोजलं, तेव्हा ते जास्त असणारे जास्त जगल्याचं किंवा त्यांना हृदयविकार कमी झाल्याचं दिसलं नाही. दारूने एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, थोडं वाढतं हे खरं. मात्र औषधांनी ते मुद्दाम वाढवून पाहिलं तेव्हा हृदयविकार अपेक्षेप्रमाणे कमी झाला नाही. टॉरसेट्रापिब या औषधाच्या चाचणीत तर मृत्यू वाढले आणि 2006 मध्ये ती बंद करावी लागली.

वाद मिटलेला नाही. 2024 च्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने, बेताने पिणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसतात असंच म्हटलं, आणि त्याच अहवालात स्तनाचा कर्करोग वाढतो असंही नोंदवलं. तिने तपासलेले अभ्यास मुख्यतः पाहणीचेच होते. सोक्षमोक्ष लावायला चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणारी दीर्घ चाचणी हवी. अमेरिकेत अशी एक चाचणी सुरू झाली होती, पण तिच्यासाठी दारू कंपन्यांकडून पैसे मिळवताना झालेला गैरप्रकार उघड झाला आणि 2018 मध्ये ती गुंडाळली गेली. आता स्पेनमध्ये एक चालू आहे, मात्र तिच्यात आधीपासून पिणारेच घेतले आहेत.

आपल्यासाठी एक निष्कर्ष वेगळा काढून ठेवण्यासारखा आहे. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ पाहणीत इतर अनेक प्रदेशांत दारूचा थोडा फायदा दिसला होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इथल्या लोकांत तोही दिसला नाही.