मदत की भरपाई?

अतिवृष्टीत पीक गेलं की पंचनामा होतो आणि काही महिन्यांनी सरकारी मदत खात्यावर जमा होते. तीच जमीन रस्त्यासाठी गेली तर मिळणाऱ्या पैशाला मदत कोणी म्हणत नाही. तो मोबदला असतो आणि कमी वाटला तर कोर्टात जाता येतं. रक्कम दोन्हीकडे सारखी असली, तरी एकीकडे देणाऱ्याची मर्जी असते आणि दुसरीकडे घेणाऱ्याचा हक्क. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत ‘लॉस अँड डॅमेज’, म्हणजे हानी आणि नुकसान, या नावाने जे भांडण चालू आहे, ते मुळात याच फरकाचं आहे.

भांडणाची सुरुवात प्रशांत महासागरातल्या वानुआतू या लहानशा बेटदेशाने केली. १९९१ मध्ये, हवामानाचा पहिला जागतिक करार अजून लिहिला जात असताना, लहान बेटदेशांच्या वतीने वानुआतूने एक विमा-निधी सुचवला. समुद्र चढून जमीन गेली तर त्यातून पैसे मिळावेत आणि हप्ता श्रीमंत देशांनी भरावा, अशी कल्पना होती. ती करारात आली नाही. पुढे २०१५ च्या पॅरिस करारात कलम ८ म्हणून हानी आणि नुकसान आलं खरं, पण सोबतच्या ठरावात परिच्छेद ५१ घातला गेला: या कलमातून कोणतंही उत्तरदायित्व किंवा भरपाई उद्भवत नाही. कलम देताना त्याचे दात आधीच काढून घेतले होते. २०२३ मध्ये दुबईत सुरू झालेल्या निधीवरही हीच अट आहे. त्यात आश्वासनं आली सुमारे पाऊण अब्ज डॉलरची, तीही ज्याच्या त्याच्या इच्छेने.

परिच्छेद ५१ लिहिला गेला त्याच वर्षी, मार्चमध्ये, ‘पाम’ चक्रीवादळाने वानुआतूला झोडपलं. नुकसान सुमारे ४५ कोटी डॉलरचं होतं, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ६४ टक्के.

२०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी प्रश्न उचलला, की हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला का विचारू नये? वानुआतू सरकारने तो मनावर घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२३ मध्ये न्यायालयाचं मत मागितलं आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायाधीशांनी ते एकमताने दिलं. सुनावणीत अमेरिकेसह अनेक मोठ्या देशांचं म्हणणं होतं की हवामानाचे करार आहेत तेवढेच नियम पुरेत. करारात नसलेल्या नव्या जबाबदाऱ्या न्यायालयाने निर्माण करू नयेत, असं भारतानेही सांगितलं. न्यायालयाने हवामान करारांबरोबरच देशोदेशींच्या जबाबदारीचे सर्वसाधारण नियमही लागू होतात, असं म्हटलं. म्हणजे कलम ८ मधून भरपाई निघत नसेल, पण दुसऱ्या दारावर परिच्छेद ५१ ने कुलूप लावलेलं नाही.

हे दुसरं दार जुनं आहे. एका देशाने दुसऱ्याप्रती असलेलं बंधन मोडलं, तर त्याने ते थांबवावं आणि झालेलं नुकसान पूर्ण भरून द्यावं. शक्य असेल तर पूर्ववत करून, नसेल तर पैशाने. वाचायला सोपं आहे, पण हवामानाच्या बाबतीत त्यातला ‘मोडलं’ हा शब्द नेमका समजून घ्यावा लागतो. धूर सोडणं हा गुन्हा नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. गुन्हा आहे तो करायला हवी ती दक्षता न घेण्याचा. नवे तेल-कोळशाचे परवाने देणं, त्यांना अनुदान देणं, खासगी कंपन्यांवर अंकुश न ठेवणं, हे सगळं त्यात येऊ शकतं.

आता एक काल्पनिक दावा मांडू. वानुआतूने पाम वादळाच्या ४५ कोटी डॉलरसाठी एका मोठ्या देशाला कोर्टात ओढलं. पहिला प्रश्न शास्त्रज्ञांसाठी: वादळ तर तसंही आलं असतं, मग तापलेल्या हवामानाने त्यात भर किती घातली? समजा उत्तर आलं, पाचवा हिस्सा. उरले नऊ कोटी. दुसरा प्रश्न: जगाच्या एकूण उत्सर्जनात या देशाचा वाटा किती? समजा चार टक्के. उरले ३६ लाख. तिसरा प्रश्न वकिलांना घाम फोडणारा आहे. या देशाने दक्षता घेतली असती तरी थोडा धूर झालाच असता; त्यातला बेकायदा किती? समजा चौथा हिस्सा. उरले नऊ लाख डॉलर, ४५ कोटींतले. शिवाय बंधन नेमकं कोणत्या वर्षापासून सुरू झालं हा वाद आहेच. जुन्या धुराचा मोठा भाग कोणताही करार होण्याआधीचा आहे आणि न्यायालयाने तारीख दिलेली नाही. प्रत्येक प्रकरणात ते पाहावं लागेल, एवढंच म्हटलं आहे.

हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण गणिताची रीत खरी आहे. न्यायालय हात कसा आखडता घेतं याचा दाखलाही आहे. निकाराग्वाने सान हुआन नदीच्या मुखाशी कोस्टारिकाच्या हद्दीत कालवे खणले, झाडं तोडली. कोस्टारिकाने सुमारे ६७ लाख डॉलर मागितले. २०१८ च्या निकालात मिळाले ३,७८,८९० डॉलर आणि त्यातले निसर्गाच्या हानीचे जेमतेम १,२०,०००. उरलेल्यातला मोठा भाग कोस्टारिकाने केलेल्या खर्चाचा. तिथे तर खणणारा एकच होता आणि खड्डा डोळ्यांना दिसत होता. असं असूनही माझ्या मते हा निकाल बेटदेशांच्या बाजूचा आहे. नुकसानीचा नेमका आकडा सांगता येत नाही म्हणून भरपाई नाकारता येणार नाही, हे त्यात ठरलं. २०२५ च्या मतातही हाच धागा पुढे नेलेला दिसतो: अनेक देशांनी मिळून नुकसान केलं असलं तरी एकेकाला वेगळं जबाबदार धरता येतं आणि कार्यकारणसंबंध सिद्ध करणं अवघड आहे, पण अशक्य नाही.

तेव्हा नियम दावा पेलू शकतात. अडतं ते कोर्टाच्या उंबऱ्याशी. जुलै २०२५ चं हे मत सल्ला आहे, हुकूमनामा नव्हे. भरपाईसाठी खटला गुदरावा लागतो आणि हेगच्या न्यायालयात कोणत्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय उभं करता येत नाही. चीन आणि रशियाने अशी सर्वसाधारण संमती दिलेली नाही. अमेरिकेने निकाराग्वाचाच एक वेगळा खटला अंगावर आल्यावर, १९८५ मध्ये, ती काढून घेतली.

भारताने संमती दिली आहे, पण अटींसह. सप्टेंबर २०१९ च्या घोषणेत राष्ट्रकुलाचा सदस्य असलेल्या किंवा कधी काळी राहिलेल्या कोणत्याही देशाशी होणारे वाद भारताने वगळले आहेत. वानुआतू राष्ट्रकुलाचा सदस्य आहे.