अंडी दिवसा जातात, रात्री नव्हे

मैत्रिणींनो, खुराड्याचं दार आपण कधी लावतो? दिवेलागणीला, कोंबड्या आत गेल्या की. सकाळी उघडतो ते दिवसभर सताड उघडं. आता हे लक्षात घ्या की घोरपड आणि धामण दोघीही दिवसा हिंडतात. ऊन तापलं की निघतात, अंधार पडायच्या आत बिळात जातात. म्हणजे आपण कडी लावतो तेव्हा त्यांचं काम उरकलेलं असतं.

आमच्या गटातल्या एका ताईंनी खुडूक कोंबडीखाली 11 अंडी ठेवली होती. चार दिवसांत 6 राहिली. कवचाचा तुकडासुद्धा मागे नाही. आधी संशय शेजारच्या पोरांवर, मग मुंगसावर. पण मुंगूस किंवा उंदीर असता तर फुटकी कवचं पडली असती. ताईंनी चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरली. दुपारी बघतात तर दोन्ही बाजूंना नखांचे ठसे आणि मधून शेपटी घासत गेल्याची रेघ. घोरपड! धामण असती तर पायांचे ठसे नसते, नुसता वळणावळणाचा गुळगुळीत पट्टा दिसला असता. तुम्हीही आधी राख पसरा, कारण दोघींचा बंदोबस्त वेगळा आहे. घोरपड उकरून आत शिरते, तर धामण फट शोधते.

ताईंचं खुराडं 4 फूट बाय 3 फूट, थेट मातीवर ठेवलेलं. चारी बाजू मिळून घेर 14 फूट. त्यांनी अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी 3 फूट रुंदीची आणली, 18 फूट लांब. खुराड्याभोवती एक फूट खोल चर खणला. जाळीचा एक फूट भाग भिंतीला ठोकला, एक फूट चरात उतरवला आणि उरलेला एक फूट बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली आडवा पसरला. घोरपड भिंतीच्या कडेलाच उकरते. नखं आडव्या जाळीला लागली की तिथंच थांबते. कोपऱ्यांवर जाळी फाकते, तिथे उरलेल्या जाळीचे तुकडे तारेने बांधले. ही मेहनत टाळून जाळी नुसती जमिनीला टेकवून ठेवाल तर पैसे वाया जातील.

धामणीसाठी दाराखालची फट बघा. आपला अंगठा जिथे जातो तिथून साप जातो असं धरून चाला आणि खाली लाकडी पट्टी ठोका. सहा कोनांची मोठ्या भोकांची कोंबडीजाळी सापाला पुरेशी नाही. लहान साप आत येतो, अंडं गिळून फुगतो आणि बाहेर पडताना अडकतो. नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी तर लावूच नका. त्यात साप गुंततो, मग तो सोडवायचा कोणी?

आता दिवसाचं. बहुतेक कोंबड्या सकाळपासून दुपारपर्यंत अंडी घालतात. अकराच्या सुमाराला एकदा आणि दोनच्या सुमाराला एकदा अंडी गोळा केलीत तर खुराड्यात खायला काही उरत नाही. खुडूक कोंबडीला मात्र 21 दिवस जाळीच्या बंद पेटीत बसवा. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं दाणापाण्याला सोडा आणि तेवढा वेळ तिथंच थांबा. पिल्लं निघाल्यावरही पहिले काही आठवडे ती जाळीतच बरी.

खुराड्याजवळ सांडलेले दाणे उंदरांना बोलावतात आणि उंदरांमागून धामण येते. लाकूडफाटा, चिऱ्यांचा ढीग, पाचोळा खुराड्यापासून लांब हलवा. फिनेल ओतून साप थांबत नाही. आणि अंड्यात विष घालून ठेवायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, ते आपलं कुत्रंही खातं.

खुराड्यात अंधारात हात घालू नका. अंडी खायला नागही येतो. धामण बिनविषारी आहे. ती गाईचं दूध पिते, शेपटी मारून माणूस मारते, हे सगळं खोटं. पण घाईत ओळखायची परीक्षा कशाला? साप दिसला की पोरं-कुत्री मागे घ्या, दार उघडं ठेवून लांब थांबा, त्याला वाट मिळाली की तो जातो. घोरपडही विषारी नाही, पण कोंडली तर नखं आणि शेपटी जोरात मारते. जात नसेल तर वनविभागाचा 1926 नंबर लावा किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा. दोघींनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मारणं-पकडणं गुन्हा आहे. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना.

ताईंच्या उरलेल्या 6 अंड्यांतून 5 पिल्लं निघाली. घोरपड अजून परसात येते, चर उकरून बघते आणि निघून जाते.