गोदावरीत की सोअर नदीत?

ब्रिटनमध्ये दहन झाल्यावर नातेवाइकांच्या हाती एक डबा येतो. त्यात दोन ते तीन किलो करडी-पांढरी पूड असते. आपल्याकडे स्मशानात राख सावडून, दूध-पाणी शिंपडून हाडांचे तुकडे हाताने वेचले जातात. तिकडच्या विद्युत किंवा गॅस दाहिनीत उरलेली हाडं आधी गार करतात, त्यांतला धातू काढून टाकतात आणि मग यंत्रात दळून सगळ्याची एकसारखी भुकटी करतात. म्हणजे धर्मग्रंथात ज्यांचा विधी सांगितला आहे त्या ‘अस्थी’ वेगळ्या आणि डब्यातली वस्तू वेगळी. परदेशातल्या मराठी घरांना पडणारे बहुतेक प्रश्न या फरकातून सुरू होतात.

पहिला प्रश्न दिवसांचा. अस्थिसंचय पहिल्या, तिसऱ्या, सातव्या किंवा नवव्या दिवशी करावा आणि विसर्जन शक्यतो दहा दिवसांत उरकावं, अशी रीत आहे. ब्रिटनमध्ये मात्र मृत्यूची नोंद, डॉक्टरांची कागदपत्रं आणि दाहिनीची वेळ यांतच आठवडा-दोन आठवडे जातात. मग दहावा दिवस मोजायचा कुठून? बरेच पुरोहित मृत्यूच्या तिथीपासून मोजतात. परदेशात राहणारे काही जण दहनाच्या दिवसापासून मोजायला सांगतात. आपल्या घरचे गुरुजी काय मानतात ते दाहिनीची वेळ ठरवण्याआधीच विचारून घेतलेलं बरं, नाहीतर रजा एका हिशेबाने निघते आणि दहावा-तेरावा दुसऱ्या हिशेबाने येतो.

विसर्जन दहा दिवसांत झालं नाही तर काय, याचं उत्तर त्या मानाने सोपं आहे. ते नंतरही करता येतं, असंच बहुतेक पुरोहित सांगतात. फक्त दहा दिवस उलटल्यावर ते पंचांग उघडतात आणि अधिक मास किंवा गुरू-शुक्राचा अस्त असेल तर थांबायला सांगतात. तोवर अस्थी घरात ठेवू नयेत हा संकेत. गावाकडे गाडगं झाडाला टांगतात; लेस्टरच्या थंडीत झाड कुठलं? तिथे अंत्यसंस्कार करून देणाऱ्या संस्थेला डबा काही आठवडे सांभाळायला सांगतात, नाहीतर तो गॅरेजमध्ये ठेवतात. पुरोहितही याला सहसा हरकत घेत नाहीत.

समजा, सासवडच्या एक आजी लेस्टरला मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. पासपोर्ट भारतीय. मुलगा आता ब्रिटिश नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. थोडी रक्षा तिथल्या नदीत आणि बाकीची नाशिकला, असं घरात ठरलं. असं वाटून विसर्जन करायला पुरोहित सहसा ना म्हणत नाहीत.

तिथल्या नदीचं आधी पाहू. इंग्लंडमध्ये नदीत रक्षा सोडायला पर्यावरण खात्याचा परवाना सहसा लागत नाही. काठाची जमीन ज्याची आहे त्याची परवानगी मात्र घ्यावी लागते. खात्याच्या सूचनाही अगदी व्यवहारी आहेत: खाली एक किलोमीटरच्या आत पिण्याचं पाणी उचललं जात असेल तर ती जागा टाळा, लोक पोहतात, मासे धरतात तिथेही नको, वाऱ्याच्या दिवशी जाऊ नका, रक्षा उंचावरून उधळू नका, पाण्यालगत हात नेऊन सोडा. प्लास्टिक किंवा धातूची कुठलीही वस्तू पाण्यात जाता कामा नये.

शेवटच्या अटीशी विधीची गाठ पडते. परंपरेनुसार अस्थी पंचगव्याने धुतात, त्यांच्याबरोबर सोन्याचा कण, मध, तूप, तीळ घालून मातीच्या भांड्यात ठेवतात आणि दक्षिणेकडे तोंड करून पाण्यात सोडतात. पूड धुता येत नाही, म्हणून पुरोहित तिच्यावर नुसतं प्रोक्षण करायला सांगतात. सोनं स्पर्श करून परत घ्यायचं, तीळ चिमूटभर, हार-नारळ घरी. भांडं कागदाचं किंवा विरघळणारं. वाऱ्याची सूचना तर विसरूच नये. हाडांचे तुकडे सरळ तळाशी जातात. ही भुकटी वाऱ्यावर उडते आणि काठावर उभ्या असलेल्यांच्या कोटांवर येऊन बसते.

लेस्टरजवळ बॅरो अपॉन सोअर या गावी सोअर नदीत हिंदू आणि शीख कुटुंबं बोटीतून रक्षा सोडतात. कार्डिफमध्ये टॅफ नदीवर लँडाफच्या रोइंग क्लबजवळ याच कामासाठी बांधलेला धक्का 2021 साली खुला झाला. त्यासाठी तिथल्या हिंदू-शीख मंडळींनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. अमेरिकेतली तऱ्हा वेगळी आहे. समुद्रात सोडायची तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि 30 दिवसांत संघराज्याच्या पर्यावरण संस्थेला कळवावं लागतं. नद्या-तलावांचे नियम राज्यागणिक बदलतात.

आता आजींची उरलेली रक्षा. विमानात ती हातातल्या सामानात नेणं चांगलं. डबा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा हवा, कारण विमानतळावर तो क्ष-किरणांतून जातो. पितळी किंवा स्टीलच्या कलशातलं काही दिसत नाही, आणि सुरक्षा कर्मचारी तो उघडून बघत नाहीत. सरळ ‘नेता येणार नाही’ म्हणतात. हौसेने घेतलेला कोरीव कलश इथेच अडतो. कलश हवाच असेल तर तो रिकामा, वेगळा न्यावा.

कागदांत मूळ मृत्यू-दाखला, दाहिनीने दिलेलं दहन-प्रमाणपत्र आणि भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. दूतावासात आजींचा मूळ पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो. त्याबरोबर रक्षा नेणाऱ्याच्या पासपोर्टची प्रतही देतात. शुल्क आणि दिवस जागेनुसार बदलतात, म्हणून पत्र हातात आल्यावर तिकीट काढावं. मुलाकडे ओसीआय आहे. नसता तर त्याला व्हिसा वेगळा काढावा लागला असता, आणि घाईत हेच राहून जातं. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर आडनाव एका स्पेलिंगचं आणि मृत्यू-दाखल्यावर दुसऱ्या, असं झालं की काम थांबतं. नोंद करताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडलं, तर पुढचा फेरा वाचतो.

कागद नसले, की रक्षा परक्या देशात वर्षानुवर्षं पडून राहिली असं मात्र नेहमी नसतं. कधी न्यायला कुणी नसतं. क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा 1930 साली जिनिव्हात वारले. त्यांची आणि त्यांच्या पत्नीची रक्षा तिथल्या दफनभूमीत जपून ठेवली होती. ती भारतात आली 2003 साली, म्हणजे 73 वर्षांनी.

नाशिकला रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे. तिथे हाडंही पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा आहे. दळून आलेल्या भुकटीला तो प्रश्नच उरत नाही. पावसाळ्यात येणाऱ्यांनी गोदावरीच्या पुराची चौकशी करून निघावं. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढलं की कुंड दिसत नाही आणि विधी काठावर वर सरकतात. विसर्जनाला जोडून तिथे तीर्थश्राद्ध आणि पिंडदान करायला सांगतात. एका सकाळीत सारं होतं.

तीर्थोपाध्याय आडनाव आणि मूळ गाव विचारून त्या घराण्याची नामावळ काढतात. तीत पणजोबांच्या हाताची नोंद सापडते. तिच्याखाली मुलगा आजींचं नाव लिहितो, पुढे तारीख, आणि गावाच्या जागी ‘लेस्टर’.