शब्द एजंटचा, सही आपली

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या माझ्या मावशींना एजंटने सांगितले होते, ‘५ वर्षे हप्ते भरा, दुप्पट रक्कम नक्की.’ पॉलिसीत मात्र हप्ते १० वर्षांचे होते आणि परतावा ४ व ८ टक्के अशा गृहीत दरांनी दाखवलेला होता. त्या तक्त्याखाली सही मावशींचीच. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदतही उलटली होती.

आम्ही आधी कंपनीकडे, मग नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली. नियामक ती कंपनीकडे पाठवतो, निवाडा करत नाही. निवाडा भोपाळचे विमा लोकपाल विनाशुल्क करतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात त्यांच्याकडे जावे लागते. तेथे तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण. एजंटने स्वतःच्या हस्ताक्षरात ‘५ वर्षे’ लिहिलेली चिठ्ठी मावशींनी जपली आहे. आमची सारी भिस्त तिच्यावरच.