धक्का मारूनही सुरू न होणारी स्कूटर

रात्रीचे साडेदहा वाजले होते. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर गुडघ्याच्या जरा खाली पाणी साचलं होतं. पुढची रिक्षा थांबली म्हणून मी ॲक्सिलरेटर सोडला आणि स्कूटर गचके खात बंद पडली. सायलेन्सर पाण्याखालीच होता. मी बटणाकडे हात नेला, तोच मागे बसलेले आमच्या ऑफिसातले काका म्हणाले, "थांब गं, दाबू नकोस. आत पाणी गेलं असेल."

खाली उतरून त्यांनी विचारलं, "धक्का स्टार्ट करूया का? आमची चेतक दुसऱ्या गिअरमध्ये टाकून पळवली की सुरू व्हायची."

ते या गाडीला जमणार नव्हतं. चेतकमध्ये गिअर टाकून क्लच सोडला की चाक इंजिनाला फिरवतं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच मात्र इंजिनाचा वेग वाढला तरच पकडतो. इंजिन बंद असताना त्याचे शू मिटलेले असतात, त्यामुळे चाक कितीही पळवा, इंजिन हलत नाही. ढकलायला गाडी हलकी जाते, तीही त्यामुळेच.

मग मी हँडल धरलं, काकांनी मागून जोर लावला. पाण्याखालचे खड्डे आणि चेंबर दिसत नव्हते, म्हणून कडेला न जाता दुभाजकाच्या बाजूने, पाय चाचपत चाललो. दोन गॅरेजची शटरं बंद होती. तिसऱ्यात दिवा दिसला, तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता.

मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला, "बटण किती वेळा मारलं?"

"एकदाही नाही."

"बरं केलंत, ताई."

त्याने आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहिलं. पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. आमचं तसं नव्हतं. मग प्लग काढून, त्या भोकापासून बाजूला उभं राहून त्याने किक मारली. पाण्याची चिळकांडी उडाली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडर पाण्याने भरलेला असताना इंजिन जोराने फिरवलं, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग काम प्लग पुसण्यावर भागत नाही, इंजिन खोलावं लागतं.

पाणी यायचं थांबेपर्यंत त्याने किक मारली. प्लग आणि त्याची टोपी कोरडी केली. एअर फिल्टरचा कागद भिजून लगदा झाला होता, तो बदलला. चौथ्या किकला इंजिन धरलं. सायलेन्सरमधून आधी पाणी आलं, मग पांढरी वाफ.

काका निघायची घाई करत होते. मेकॅनिकने गाडी पाच मिनिटं तशीच चालू ठेवली, बंद करून डिपस्टिक पुन्हा काढली आणि बॅटरीच्या उजेडात आम्हा दोघांना दाखवली. ऑइल अजूनही स्वच्छ होतं. "उद्या सकाळी पुन्हा बघा," तो म्हणाला, "रंग बदलला, तर सुरू न करता ढकलतच आणा."