टोमण्याला आधी 'हो' म्हणा

परवा साखरपुड्यात मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "अरे, केस गेले की रे सगळे!"

मी म्हटलं, "हो ना मावशी, कंगव्याचे पैसे वाचले, त्यातूनच तुला गजरा आणलाय." सगळ्यांत आधी मावशीच हसली.

मी हौशी निवेदक. मंचावर शिकलेली युक्ती एवढीच: टोमणा नाकारायचा नाही, कबूल करून थोडा फुगवायचा. मग समोरच्याला ताणायला काही उरत नाही.

पण गंमत स्वतःवरच हवी. "तुझे तरी कुठे राहिलेत?" म्हटलं असतं तर साखरपुडा राहिला असता बाजूला! आणि लगेच विषय बदलायचा. मी विचारलं, "जेवलीस का?"

कुणी मुद्दाम, पुन्हा पुन्हा डिवचत असेल तर मात्र सरळ "हे आवडलं नाही" म्हणावं.

तुम्हाला कुठला टोमणा ऐकावा लागतो? लिहा, उत्तर शोधू.